डबा जाणार एडिसनला, भाव मात्र बडोद्याचा

भाच्याचा वाढदिवस रविवारी. ताई न्यू जर्सीत, एडिसनला. म्हटलं, तिथल्याच साइटवरून ठोकळ्यांचा सेट मागवू, थेट तिच्या दारात पोचेल. एवढंच करायचं होतं हो! दांडिया बाजारातल्या घरात बसून त्यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

ताईनं पाठवलेली लिंक उघडली, तर साइट आपली आपणच भारताच्या पानावर. तिला दिसतात ६० डॉलर, म्हणजे साडेपाच हजारांच्या आसपास. मला ८,९९९ रुपये. आता भारतात भाव चढा का, ते कळतं. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२३पासून ७० टक्के, वर जीएसटी, आणि आपल्याकडे छापील किमतीत सगळं धरलेलं. तिकडे कर शेवटी लागतो, न्यू जर्सीत ६.६२५ टक्के. पण बाबांनो, माझा डबा भारतात येतोय कुठे? कस्टमचा संबंधच काय? माल कुठे जाणार हे विचारायच्या आधीच माझ्या इंटरनेटच्या आयपीवरून यांनी भाव ठरवून टाकला!

पार तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात देश बदलायची सोय सापडली. अमेरिका निवडली, भाव उतरला. पत्ता ताईचा टाकला. मग कार्ड. बिलाचा पत्ता मागतात, त्यात देश फक्त अमेरिका आणि झिप कोड पाच आकडी. माझा पिन सहा आकडी. ३९०००१ मधला कुठला आकडा गाळू, सांगा! ताईचा झिप टाकला, तर व्यवहार नामंजूर. ते लोक तो झिप कार्डाच्या बँकेकडच्या पत्त्याशी ताडून बघत असतील, असं वाटलं, आणि माझ्या बँकेकडे पत्ता बडोद्याचा.

बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचं बटण बंद असेल म्हणून तेही पाहिलं. नव्या कार्डांवर ते मुळातच बंद येतं, ऑक्टोबर २०२०पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. माझं चालू होतं.

शेजारच्या पोरानं व्हीपीएन लावून दिलं, आणि कार्ड चाललं! बँकेचा मेसेज आला, मी बायकोला चहा टाकायला सांगितला. वीस मिनिटांत मेल: ऑर्डर रद्द. मेसेज आला होता, म्हणजे बँकेनं पैसे मंजूर केले होते, नकार दुकानाचा. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर आयपी अमेरिकेचा आणि कार्ड भारतातलं (पहिल्या काही आकड्यांवरूनच बँक आणि देश कळतो), म्हणजे मी चोरच! व्हीपीएननं आयपी बदलतो, कार्डाचा नंबर थोडाच बदलतो? अडकलेले पैसे अजून सुटलेले नाहीत.

शेवटी ताईनंच स्वतःच्या फोनवरून दोन मिनिटांत मागवला. वर म्हणते, "मामाची भेट म्हणून सांगते हं त्याला, पैसे बाबांकडे दे."