दुसऱ्या अंकातल्या सबटायटलबद्दल

★★ "आमच्या नाटकाच्या व्हिडिओला सबटायटल लावून घेतले. पहिला अंक बरोबर. दुसऱ्या अंकात गाण्यानंतर पात्र भलतंच बोलते आणि खाली पुढचा संवाद आधीच येऊन जातो. काही मिनिटांनी आपोआप जुळते. संहिता आम्ही टाइप करून दिली होती, तरी असे. मशीनवर लावून दिले, कोणी पाहिलेही नाही."

नमस्कार भाऊ,

"आपोआप जुळते" हे तुम्ही लिहिलं ते फार कामाचं आहे. व्हिडिओच्या फ्रेमची गती चुकली असती, समजा २४ च्या जागी २५, तर फरक सुरुवातीपासून सारखा वाढत गेला असता. तासाभरात तो दोन मिनिटांच्या वर जातो आणि मधेच कधी भरून निघत नाही. तुमच्याकडे तसं झालेलं नाही. म्हणजे त्या जागी कागदावरचं आणि रंगमंचावरचं वेगळं आहे.

तुमचं काम फोर्स्ड अलाइनमेंटचं होतं, ऐकून लिहून काढण्याचं नाही. यात आवाजाचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे होतात आणि दिलेल्या मजकुरातलं प्रत्येक अक्षर क्रमाने कुठल्या ना कुठल्या तुकड्यावर बसवलंच जातं. एकही अक्षर गाळायची मुभा नसते. "नाही"चं "नाई" झालं तर चालून जातं. पण झाडीपट्टीत विनोदी पात्र प्रेक्षकांचा हशा पाहून पदरचं बोलतं, आणि ते संहितेत नसतं. मग पुढच्या संवादाचे शब्द त्या बोलण्यावर जाऊन बसतात आणि खरी जागा येईपर्यंत एखादा शब्द ताणला जातो. तुमच्या फाइलमध्ये हे दिसतं:

```
412
01:12:40,180 --> 01:12:49,640
थांबा!
```

"थांबा" म्हणायला साडेनऊ सेकंद कोणी घेत नाही. जिथे असा शब्द, तिथे जवळपास पदरचं बोलणं असणार. याउलट नटाने संवाद गाळला असेल तर ती ओळ डोळ्याची पापणी लवावी तशी चमकून जाते. काम पाठवताना याच जागा लाल करून दिल्या होत्या. त्या मंडळींपर्यंत पोचलेल्या दिसत नाहीत.

दुसरा अंक आम्ही पुन्हा करून देतो, पैसे लागणार नाहीत. गाणी वेगळी कापू, कारण हार्मोनियम-ढोलकीवर शब्द नीट बसत नाहीत. पदरचे संवाद ऐकून संहितेत भरू. जिथे प्रेक्षकांच्या गलक्यात काहीच कळत नाही, तिथे `*` ठेवू. आमच्या प्रणालीत त्याचा अर्थ "इथे काहीही असू शकतं", त्यामुळे पुढचे शब्द त्या जागेवर ओढले जात नाहीत. आकडेही अक्षरात लिहू, "२५००" नव्हे तर "अडीच हजार", कारण नट तेच म्हणतो. जुळवणी झाली की परत आकडे करता येतात.

साऊंडवाल्याकडे थेट मिक्सरवरचं रेकॉर्डिंग असेल तर नक्की पाठवा. कॅमेऱ्याच्या माइकपेक्षा त्यात बोलणं खूप स्वच्छ असतं. आणि झाडीबोलीतले विनोद आम्ही लिहून काढल्यावर ते पात्र करणाऱ्या नटालाच एकदा वाचायला द्या, शब्द त्याच्याच तोंडचे आहेत.