दसऱ्याच्या संध्याकाळचा झेंडू आणि 'अंदाज चुकला' म्हणणारे आपण

दसऱ्याच्या रात्री तो फोटो येतोच. फुटपाथवर झेंडूचा ढीग, बाजूला रिकाम्या क्रेट, आणि खाली कमेंट: "एवढा माल आणायचाच कशाला? दरवर्षी तेच करतात, अक्कल येत नाही." मी लहान दुकानदारांचे हिशेब बघतो, त्यामुळे या कमेंटवर गप्प बसवत नाही. माल उरला म्हणजे ऑर्डर चुकली, हे गणितातच बसत नाही.

आकडे घेऊन बघू. हे यंदाचे बाजारभाव नव्हेत, हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेत. मार्केट यार्डातून फूल हमाली आणि टेम्पोसकट 40 रुपये किलोने पडलं, आणि नाक्यावर 120 ने विकलं जातं. संध्याकाळनंतर उरलेल्या फुलाला कुणी विचारत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरू. म्हणजे एक किलो जास्त आणला तर खोट 40 रुपयांची. एक किलो कमी आणला आणि गिऱ्हाईक परत गेलं, तर हातचा गेलेला नफा 80 रुपयांचा. जास्तीचा मार 40, कमीचा मार 80. सगळा खेळ या दोन आकड्यांचा आहे.

आता मागणी. समजा दहा दसऱ्यांचा अनुभव असा आहे: एकदा 60 किलो खपले, दोनदा 70, तीनदा 80, दोनदा 90, एकदा 100 आणि एकदा 110. सरासरी 83 येते. बहुतेक जण म्हणतील, मग 80 आणा, फार तर 85.

पण प्रश्न सरासरीचा नाहीच. विचारायचं ते शेवटच्या दहा किलोंबद्दल. 80 आणायचं ठरलंय, त्यावर आणखी दहा घ्यावेत का? ते दहा विकले जाण्यासाठी मागणी 90 किंवा जास्त हवी, आणि ती दहापैकी चार वेळाच असते. सहा वेळा ते अंगावर पडतील. ऐकायला तोट्याचं वाटतं, नाही का? पण चार वेळा किलोमागे 80 मिळतात, म्हणजे 320. सहा वेळा 40 जातात, म्हणजे 240. घ्यायलाच हवेत. 90 वर आणखी दहा? आता जमेच्या वेळा दोनच, 160 मिळणार आणि आठ वेळांचे 320 जाणार. तिथे थांबायचं.

सूत्र एका ओळीचं आहे. कमी पडण्याचा खर्च भागिले दोन्ही खर्चांची बेरीज: 80 भागिले 120, म्हणजे सुमारे 0.67. ज्या आकड्यापर्यंत मागणी आटोपण्याची शक्यता निदान तेवढी होते, तेवढा माल घ्यायचा. आपल्या यादीत 80 पर्यंत दहापैकी सहा दसरे आटोपतात, 90 पर्यंत आठ. म्हणून 90.

आता तो फोटो परत बघा. 90 किलो ही या विक्रेत्याची सगळ्यात योग्य ऑर्डर आहे, आणि तरीही दहातल्या सहा दसऱ्यांना त्याच्यापुढे फुलं उरणार. वर्षांची सरासरी काढली तर दर दसऱ्याला दहा किलो फेकायचे. जो 70 आणतो त्याच्याकडे जवळजवळ कधीच ढीग उरत नाही, लोक त्याला हुशार म्हणतात, आणि त्याचा सरासरी नफा 5,480 रुपये असतो. 90 वाल्याचा 6,000.

शंभर आणले तर 5,840, ऐंशी आणले तर 5,920. म्हणजे 80 आणि 90 मध्ये फरक 80 रुपयांचा. नेमका आकडा साधला नाही म्हणून कुणी बुडत नाही, दिशा बरोबर असली की झालं. मात्र खरेदीचा भाव बदलला की दिशाच फिरते. पावसाने माल कमी आला आणि तेच फूल 90 ला पडलं, विक्री 120 लाच राहिली, तर जास्तीचा मार 90 आणि कमीचा फक्त 30. गुणोत्तर 0.25, आणि ऑर्डर 70 किलोवर येते. गिऱ्हाईक तेच, मागणीही तीच, पण माल वीस किलोंनी कमी घ्यायचा. "गेल्या वर्षी 90 खपले होते" हे अशा वेळी कामाचं नाही.

याला न्यूजव्हेंडर मॉडेल म्हणतात, सकाळी किती पेपर उचलायचे या पेपरवाल्याच्या प्रश्नावरून. मूळ विचार त्याहून जुना. 1888 मध्ये एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने बँकेने रोकड किती राखावी यासाठी हाच तराजू मांडला होता. आणि 2000 साली श्वाइत्झर आणि काशाँ या दोघांनी प्रयोगात दाखवलं, की सगळे आकडे पुढ्यात ठेवले तरी माणसं सरासरीकडेच सरकतात: नफा मोठा असेल तर हवं त्यापेक्षा कमी मागवतात, नफा बारीक असेल तर जास्त. शिवाय मागच्या खेपेला काय झालं त्याच्या मागे धावतात.

अडचण सूत्रात नाही, वहीत आहे. वहीत लिहिलेलं असतं "80 किलो विकले". पण आणलेच 80 असतील तर ती मागणी नव्हे, तो आपल्या टोपलीचा तळ. माझ्या ओळखीच्या एक फुलवाल्या मावशी म्हणतात, "उरलंच नाही तर कळायचं कसं किती लागतं ते?" एवढ्यासाठी मी सगळ्यांना माल किती वाजता संपला ते लिहायला सांगतो. सकाळी दहाला संपलेले 80 आणि संध्याकाळी सहाला संपलेले 80 ही दोन वेगळी वर्षं आहेत. परत गेलेल्या गिऱ्हाइकांचीही रेघ मारावी. फूल न मिळालेला माणूस आंब्याचे टाळे आणि आपट्याची पानंही पलीकडच्या गाडीवरून घेतो, म्हणजे कमी पडण्याचा खर्च 80 पेक्षाही जास्तच.

मॉडेल लंगडं पडतं ते मात्र दुसऱ्याच जागी. त्यात विक्रीचा भाव 120 ला खिळलेला असतो. खऱ्या नाक्यावर शेजारच्याकडे ढीग उरला की दुपारी तो 60 म्हणतो, आणि मग तुमचे 120 कोण देणार? बाजारात आवक जास्त असेल तर सगळ्यांचंच एकदम उरतं. यार्डात पहाटे गाड्या ओळीने लागलेल्या दिसल्या, तर वहीतले जुने दसरे बाजूला ठेवून माल कमीच उचलावा. भिजलेला माल असेल तर आणखी कमी: पाण्याचं वजन आपण विकत घेतो आणि दुपारपर्यंत फूल काळं पडायला लागतं.

आणि फोटोतला ढीग शेतकऱ्याचा असेल, तर वरचं काहीच लागू करू नका. त्याची "ऑर्डर" लागवडीच्या दिवशी, साधारण दोन महिने आधी दिली गेलेली असते, तेव्हा ना भाव माहीत असतो ना पाऊस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रोपं, खत, फवारणी यांचा खर्च होऊन गेलेला असतो, तो परत येणार नसतो. त्याच्यापुढे हिशेब उरतो फक्त तोडणीची मजुरी, भाडं, हमाली आणि तोलाई एवढ्याचा. पट्टी, म्हणजे मालाचे मिळणारे पैसे, त्याहून खाली येणार असं दिसलं, तर फुलं तोडून बाजारात नेण्यापेक्षा उभ्या पिकात नांगर घालणं त्याला स्वस्त पडतं.