इमर्जन्सी आहे ना? मग निवांत या

आर्बिट्रेशनच्या, म्हणजे कोर्टाऐवजी आर्बिट्रेटर नावाच्या खाजगी पंचापुढे चालणाऱ्या केसमध्ये स्टे मिळवायचाय पण आर्बिट्रेटरच अजून नेमला नाही? काळजी नको. बेळगावात वकिली करताना नुकताच एका पावण्यांनी जो ताप दिला त्यावरून ही पद्धत तयार झालीय, फुकट घ्या.

सुरुवात करारापासून. पंपाचे पार्ट ओतून घ्यायला आपले पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, उद्यमबागेतल्या फौंड्रीत ठेवताय ना, मग करार कुणाच्या तरी जुन्या फाईलमधून उतरवा. "वाद झाल्यास १९९६ च्या आर्बिट्रेशन कायद्याप्रमाणे एकच आर्बिट्रेटर" एवढं लिहिलं की झालं, संस्थेचं नाव कशाला.

मग फौंड्रीवाला धंदा गुंडाळतोय आणि तुमचे पॅटर्न भंगारवाल्याला दाखवतोय असं कळलं की लगेच हालचाल करू नका, आधी व्हॉट्सअपवर "साहेब जरा बघा की" पाठवत राहा. न्यायाधीश विचारतील, इतकी घाई होती तर आधी का नाही आलात? त्यावर निळ्या टिका दाखवा.

आता शुक्रवारी संध्याकाळी, वकील फाईल बांधत असताना, ऑफिसात शिरा आणि म्हणा, "वकीलसाहेब, इमर्जन्सी आर्बिट्रेटर लावा, मोबाईलवर वाचलंय, दोन दिवसांत येतो." नेहमीचा आर्बिट्रेटर नेमायच्या आधी तातडीचा आदेश देणारा हा माणूस येतो हो, पण कुणाकडे? ज्यांनी सिंगापूरच्या SIAC किंवा पॅरिसच्या ICC सारख्या आर्बिट्रेशन चालवणाऱ्या संस्थेचे नियम करारात घातलेत त्यांच्याकडे. ICC ला अर्जासोबत ४०,००० डॉलर भरायचे, तुमच्या पॅटर्नची किंमत सगळी मिळून अठरा लाख. आपल्या कायद्यात इमर्जन्सी आर्बिट्रेटर हा शब्दच नाही, लॉ कमिशनने २०१४ मध्ये घाला म्हटलं होतं, २०१५ च्या दुरुस्तीत घातला नाही. ॲमेझॉन आणि फ्यूचरच्या भांडणात सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये असा आदेश कलम १७ खाली, म्हणजे आर्बिट्रेटरनेच दिलेला अंतरिम आदेश धरून राबवता येतो म्हटलं, पण तिथे SIAC चे नियम करारातच होते आणि सीट, म्हणजे आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण, दिल्ली होती. सीट परदेशात असेल तर तो आदेश इथे थेट राबत नाही, इथल्या कोर्टात वेगळा अर्ज करावाच लागतो. शिवाय तो भंगारवाला करारात सहीला नाही, मग इमर्जन्सी आर्बिट्रेटर त्याला कसा बांधणार?

म्हणून आपल्याला उरतं कलम ९, म्हणजे इथलंच कमर्शियल कोर्ट. ट्रिब्युनल, म्हणजे आर्बिट्रेटर, बसायच्या आधी तिथे जाता येतं, आणि तातडी पटली तर समोरच्याला नोटीस जायच्या आधीही तात्पुरता आदेश मिळतो. फक्त एक करा, कागद आणू नका. पॅटर्नवर पंच केलेले नंबर, "परत करण्याच्या अटीवर" लिहिलेली चलनं, फोटो, असलं काही वकिलाला दिलं तर माल तुमचाच आहे हे पहिल्याच दिवशी दिसेल, मग मजा काय राहिली.

आमच्या पावण्यांनी चलनं मात्र आणली (त्यांच्या मिसेसनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली). आदेश झाला, पॅटर्न हलवायचे नाहीत, कोर्ट कमिशनरने जाऊन यादी करायची. कमिशनर गेले, धुळीत बसून एकेक नंबर वाचून लिहिला, भंगारवाला टेम्पो घेऊन परत गेला.

आणि इथे सगळ्यात भारी टिप: आता झोपा. पेढे वाटा, केस जिंकली म्हणून सांगत सुटा, वकिलाचा फोन उचलू नका, उचललात तर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणा. कलम ९(२) म्हणतं की आदेशाच्या तारखेपासून ९० दिवसांत आर्बिट्रेशन सुरू झालं पाहिजे, आणि ते सुरू होतं कलम २१ प्रमाणे, म्हणजे वाद आर्बिट्रेशनकडे द्या ही तुमची नोटीस समोरच्याला मिळेल त्या दिवशी, तुम्ही टाईप केली त्या दिवशी नाही, कोर्टात अर्ज टाकला त्या दिवशी तर नाहीच. आम्ही मसुदा करून ठेवलाय, सही हवीय, पावणे कधी लग्नाला निपाणीला, कधी यात्रेला. ९० दिवस उलटले. समोरच्या वकिलाने आदेश उठवा म्हणून अर्ज टाकला आणि मग रात्री फोन, "तुम्ही आधी सांगायचं नाही काय?"

सांगितलं होतं हो! आदेशाची कॉपी हातात देताना सांगितलं, मेसेज केला, तुमच्या पोराला सांगितलं. कोर्ट मुदत वाढवून देऊ शकतं, पण त्याला कारण लागतं, आणि यात्रा हे कारण मी न्यायाधीशांपुढे कुठल्या तोंडाने सांगू? स्टे हा निकाल नाही. ट्रिब्युनल बसेपर्यंत माल जागेवर राहावा एवढ्यासाठीच कोर्टाने तो दिलाय, आणि ट्रिब्युनल बसवायचं काम तुमचं आहे, आर्बिट्रेटरवर एकमत झालं नाही तर कलम ११ खाली हायकोर्टात जायला वेळ लागतो तो वेगळाच. आधी नोटिशीवर सही करा, स्पीड पोस्टाने जाऊ दे, पोच आणून द्या. मुदतवाढीच्या अर्जाचं त्यानंतर बोलू.