टीडीएस कापला म्हणजे कर संपला नाही

फिरणारा मेसेज: "फ्रीलान्सरचा क्लायंट १० टक्के टीडीएस कापतो. तोच आपला कर. रिटर्न भरायची गरज नाही."

हे चूक आहे. टीडीएस ही आगाऊ जमा झालेली रक्कम असते. खरा कर वर्षाच्या निव्वळ उत्पन्नावर ठरतो.

२०२५-२६ या वर्षाचं, नव्या करप्रणालीतलं उदाहरण घ्या. एका डिझायनरची जमा १८ लाख. त्यातले ६ लाख इथल्या कंपनीकडून आले, टीडीएस ६०,००० कापला गेला. उरलेले १२ लाख परदेशी क्लायंटचे, त्यावर काहीच कापलं नाही. सॉफ्टवेअर, इंटरनेट, जागेचं भाडं असा बिलांसह खर्च ३ लाख. निव्वळ १५ लाखांवर सेससह कर होतो १,०९,२००. म्हणजे ४९,२०० अजून देणं आहे. बिलं ठेवली नसती, तर हाच आकडा आणखी वाढला असता.

टीडीएस वजा जाता देणं १०,००० किंवा जास्त असेल, तर आगाऊ कर साधारणपणे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेपर्यंत हप्त्यांनी भरायचा असतो. चुकलं की व्याज लागतं. म्हणून टीडीएस न कापलेल्या प्रत्येक पेमेंटमधून १० टक्के लगेच वेगळ्या खात्यात टाका. या उदाहरणात तेवढे पुरून उरतात.

उलटही घडतं. निव्वळ उत्पन्न ७ लाख असेल, तर रिबेटमुळे कर शून्य होतो. पण कापलेला टीडीएस रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाही. त्याआधी आपली इन्व्हॉइसची वही फॉर्म २६एएसशी, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी नोंदीशी, ताडून पाहा. काही वेळा क्लायंट रक्कम कापतो, पण आपल्या पॅनवर जमा दाखवत नाही.