"९८ टक्के जुळलं, आता तपासू नका": दूध संस्थांच्या ग्रुपवरच्या सल्ल्याचा हिशेब

"छापील दूध बिलांचे स्कॅन सॉफ्टवेअरने एक्सेलमध्ये काढले की एकच स्वच्छ पान हाताने टाइप करा. दोन्ही शीट सेलला सेल जुळवा. रिकामे सेलही मोजा, तेही बरोबरच आलेले असतात. ९५ टक्क्यांच्या वर जुळले तर तपासायची गरज नाही. ९० ते ९५ आले तर कोणतीही दहा टक्के पाने तपासा. सर्व सचिवांना पाठवा."

माझा चुलत भाऊ शिरोळ बाजूच्या एका छोट्या दूध संस्थेत सचिव आहे. संगणकाची हार्ड डिस्क गेली, बॅकअप कुणी घेतलेला नव्हता, कपाटात राहिली ती छापील बिलं. त्यावरून प्रत्येक सभासदाचे वर्षाचे लिटर काढायचे आणि दिवाळीला फरक, म्हणजे लिटरमागे जादा पैसे, वाटायचा. सगळी पानं स्कॅन करून त्यानं एक्सेलमध्ये काढली, वरच्या मेसेजप्रमाणे एक पान जुळवलं आणि रात्री मला फोन केला, "दादा, ९८ टक्के आलं. याद्या लावू का नोटीस बोर्डावर?" म्हटलं, थांब बाबा, आधी शीट पाठव.

आधी जे बरोबर आहे ते सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल हा सगळ्यालाच नावं ठेवतोय. थोडा भाग हाताने टाइप करून सेल जुळवणं, आणि किती तपासायचं ते त्यावरून ठरवणं, ही कल्पना चांगलीच आहे. सगळी पानं पुन्हा टाइप करायची तर स्कॅन करायचा खटाटोप कशाला? पण मेसेज लिहिणाऱ्यानं ती कल्पना अर्धीच ऐकलेली दिसते.

सगळ्यात डोकं फिरवणारं वाक्य म्हणजे "रिकामे सेलही मोजा".

भावाचं पान बघा. तीस सभासद, दहा रकाने: क्रमांक, नाव, म्हैस लिटर, म्हैस रक्कम, गाय लिटर, गाय रक्कम, पशुखाद्य कपात, ॲडव्हान्स कपात, इतर कपात, निव्वळ रक्कम. म्हणजे ३०० सेल. त्यातले २९४ जुळले, ६ चुकले, झाले ९८ टक्के. आता आत शिरून बघा. या पानावरच्या २४ जणांचं फक्त म्हशीचं दूध, चौघांचं फक्त गाईचं, दोघांचं दोन्ही. बहुतेकांना कपात नाही. त्यामुळे ३०० पैकी १३० सेल मुळातच कोरे. कोऱ्या कागदातून कोरा सेल काढला यात सॉफ्टवेअरनं काय दिवे लावले? क्रमांक आणि नावाचे ६० सेल आणखी बाजूला काढा, कारण ती यादी संस्थेकडे वेगळी आहेच. उरले आकड्यांचे ११० सेल, आणि सहाच्या सहा चुका त्यातच. ९८ चे झाले साडेचौऱ्याण्णव.

तरी अजून कामाचा रकाना आलेला नाही. फरक लिटरवर मिळतो. पानावर लिटरचे भरलेले सेल ३२, त्यातले तीन चुकीचे. म्हणजे ज्या आकड्यासाठी हा सगळा उद्योग चाललाय, तो दहा वेळा वाचला की जवळजवळ एकदा चुकतो. त्या तिनातला एक बघण्यासारखा होता. जुन्या प्रिंटरची रिबन सुकलेली, ६१.५ मधला टिंब कागदावर जेमतेम उमटलेला, आणि एक्सेलमध्ये आलं ६१५. फरक लिटरला दोन रुपये धरला तर या एका टिंबापायी त्या सभासदाला ११०७ रुपये जास्त जाणार, आणि ते बाकीच्यांच्या वाट्यातून जाणार. दुसऱ्यात ६१ चे ६७ झाले होते. मेसेजच्या हिशेबात ही चूक आणि नावातला एक अनुस्वार पडणं, दोन्ही सारखीच: एक सेल.

म्हणून जुळणी रकान्यानुसार करा, आणि भागायला फक्त भरलेले सेल घ्या. म्हैस लिटर C मध्ये असेल आणि हाताने टाइप केलेलं `Sheet2` वर असेल, तर पहिली ओळ चुका देते आणि दुसरी भरलेले सेल:

```
=SUMPRODUCT(--(C2:C31<>Sheet2!C2:C31))
=SUMPRODUCT(--((C2:C31<>"")+(Sheet2!C2:C31<>"")>0))
```

दुसऱ्या ओळीत दोन्ही शीट घेतल्या आहेत त्याला कारण आहे. कधीकधी कागदावर काहीच नसतं आणि सॉफ्टवेअर तिथं रेघेचा १ करून ठेवतं. तीही चूकच, ती सुटता कामा नये. सूत्र लावण्याआधी दोन्हीकडे आकडे खरोखर आकडेच आहेत ना ते बघा. एकीकडे मराठी अंक किंवा मागे एक स्पेस राहिली की बरोबर सेलही चुकीत जातो.

आता "९५ च्या वर असेल तर तपासू नका". बरं, भावाचं लिटर खरोखर ९८ टक्के बरोबर आलं असतं असं धरू. संस्थेत १८० सभासद, वर्षात दहा-दहा दिवसांची ३६ बिलं. सभासदाची वर्षाची बेरीज बरोबर यायची तर त्याचे छत्तीसही आकडे बरोबर हवेत. ०.९८ चा ३६ वा घात करा, उत्तर येतं ०.४८. म्हणजे १८० पैकी नव्वदेक जणांच्या बेरजेत कुठं ना कुठं चूक. ९९ टक्के धरलं तरी पंचावन्न जण. आणि भावाचा खरा आकडा, ३२ पैकी २९, घेतला तर अख्ख्या संस्थेत पाचेक जणांचीच बेरीज निर्दोष निघते. प्रत्यक्षात चित्र इतकं वाईट नसेल, कारण चुका सारख्या पसरत नाहीत, वाईट छपाईच्या पानांवर गोळा होतात. पण म्हणून ९५ चा आकडा शहाणा ठरत नाही. किती टक्के पुरे, हे पुढं त्या आकड्याचं काय करायचंय त्यावर ठरतं. नुसतं गावाचं सरासरी दूध काढायचं असतं तर ९५ चालले असते. इथं माणसागणिक पैसे वाटायचेत.

"एकच स्वच्छ पान घ्या" यावर फार वेळ घालवत नाही. स्वच्छ पान निवडून सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची म्हणजे पेपर आधीच फोडून ठेवायचा. रिबन सुकत आली ती पानं वगळली तर चुका दिसणार कुठून? शिवाय ३२ सेल हा नमुना फार लहान. तीन चुका निघाल्या म्हणजे खरं प्रमाण ३ टक्क्यांपासून २४ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतं. आणि एकही चूक निघाली नाही तरी हुरळून जाऊ नका. हॅन्ली आणि लिपमन-हँड यांनी १९८३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक सोपा नियम मांडला. त्यांचा विषय औषधोपचारातले धोके हा होता, पण गणित तेच आहे. n वेळा बघून एकदाही चूक दिसली नाही, तर खरं प्रमाण सुमारे ३ भागिले n पर्यंत असू शकतं, ९५ टक्के खात्रीनं. ३२ सेल सगळे बरोबर आले तरी चुकांचं प्रमाण ९ टक्क्यांपर्यंत असण्याला जागा आहे. ३०० सेल सगळे बरोबर आले तर १ टक्का. नियमाची अट एकच, नमुना सरमिसळ, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखा, निवडलेला हवा.

म्हणून पान निवडूच नका, ओळी निवडा. छत्तीसही बिलांतून प्रत्येकी दहा सभासद क्रमांक `=RANDBETWEEN(1,180)` नं काढा, तोच पुन्हा आला तर दुसरा घ्या, आणि आलेले क्रमांक लगेच कागदावर उतरवा, कारण शीटमध्ये काहीही टाइप केलं की ते बदलतात. मग त्यांचे फक्त लिटर टाइप करा. ३६० ओळी होतात, फार वेळ लागत नाही. एकानं कागदावरून वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, आणि एक्सेलमधलं उत्तर दोघांनीही बघायचं नाही. समोर ६७ दिसत असलं की पुसट ६१ सुद्धा ६७ च वाटतं. जुळत नाही तिथं पुन्हा कागद बघा, कारण चूक टाइप करणाऱ्याचीही असते.

राहिलं "कोणतीही दहा टक्के पाने तपासा". नमुना सांगतो चुका किती आहेत. त्या कुठं आहेत हे तो सांगत नाही. दहा टक्के पानं डोळे मिटून उचलली तर नव्वद टक्के चुका जागच्या जागी राहणार. आणि गंमत अशी, की चुका कुठं आहेत ते बिलावर छापूनच आलेलं असतं. प्रत्येक पानाखाली लिटरची एकूण असते. एक्सेलमधली बेरीज त्याच्याशी लावा. भावाच्या २१६ पानांपैकी ६१ पानं जुळली नाहीत. हीच पानं कागद समोर ठेवून तपासायची. कधी एकूणच चुकीची वाचलेली निघते, तेव्हा फुकटचा हेलपाटा होतो, चालतंय.

पण बेरीज जुळली म्हणजे पान सुटलं असंही नाही. भावाकडं चार पानं अशी निघाली की एकूण बरोबर आणि माणसं चुकीची. फक्त गाय असलेल्या सभासदाचा म्हैस लिटरचा कोरा सेल सॉफ्टवेअरनं गिळला आणि खालचा सगळा रकाना एक घर वर सरकला. बेरजेला काय, ती तेवढीच राहिली. पण प्रत्येकाचं दूध वरच्याच्या नावावर गेलं. हे पकडायला आणखी दोन तपासण्या लागतात. रक्कम भागिले लिटर त्या वर्षाच्या दरपत्रकातल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दराच्या मध्ये येते का? रकाना सरकला की कुठं लिटर आहे पण रक्कम नाही, तर कुठं दर आभाळाला भिडलेला दिसतो. लिटर आणि रक्कम दोन्ही मिळून सरकले असतील तर दर फसवेल, तिथं दुसरी तपासणी उपयोगी पडते: दोन्ही रकमांच्या बेरजेतून तिन्ही कपाती वजा करून निव्वळ रक्कम येते का. उलट ६१ चं ६७ झालं तर दर बहुतेक वेळा मर्यादेतच राहतो, ते पानाच्या एकुणातच सापडतं. म्हणून एकीवर भागत नाही.

या चाळणीतून पास झालेल्या पानांतूनच मग पुन्हा सरमिसळ ३०० ओळी घ्या आणि जुळवा. आता मिळणारी टक्केवारी म्हणजे चाळणीतून काय सुटलं याचं माप. त्यात एकही चूक नसेल तर याद्या बोर्डावर लावा, सोबत प्रत्येकाचे छत्तीस आकडे छापा आणि हरकतीला आठ दिवस द्या, कारण १ टक्क्याची शंका तेव्हाही उरतेच आणि आपलं दूध किती गेलं ते घरच्या बाईला पाठ असतं. एक जरी चूक निघाली तर ती कशी सुटली ते आधी शोधा, त्या जातीची तपासणी वाढवा आणि मग नवीन ३०० घ्या. जुन्याच ओळी पुन्हा जुळवून शंभर टक्के आलं असं मला फोनवर सांगू नका.