काळा कावळा दिसला म्हणून पुष्टी मिळाली, असं नाही

«कावळ्यांचा विरोधाभास बेझच्या सूत्राने कायमचा सुटलाय. काळा कावळा दिसला की “सगळे कावळे काळे असतात” याला पुष्टी मिळतेच. पांढरा बूट दिसला तरी मिळते, पण नगण्य, कारण काळ्या नसलेल्या वस्तू कावळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. वस्तू कुठून आणि कशी उचलली याने काही बिघडत नाही, आकडे तेच राहतात.»

परीक्षा जवळ आली की हा मजकूर एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतो, आणि जळगावात मी शिकवते तिथे दरवर्षी चार-पाच उत्तरपत्रिकांत तो जसाच्या तसा भेटतो. मुलांचा दोष नाही. बऱ्याच सोप्या पुस्तकांतही गोष्ट इथेच थांबवलेली असते.

आधी एक खुलासा. आपल्या अंगणातल्या गावकावळ्याची मान राखाडी असते, तेव्हा “कावळा” म्हणताना डोमकावळा डोळ्यांसमोर ठेवा. कोडं हेंपेल या तत्त्वज्ञाने १९४५ साली सविस्तर मांडलं. त्याला दोनच पायऱ्या लागतात. पहिली निको या फ्रेंच तत्त्वज्ञाची: “सगळे क हे ख असतात” या विधानाला, क असून ख असलेली वस्तू पुष्टी देते. दुसरी: एकाच अर्थाच्या दोन विधानांना पुष्टीही एकच पुरावा देतो. “सगळे कावळे काळे” आणि “जे काळं नाही ते कावळा नाही” ही विधानं एकाच अर्थाची. पांढरा बूट काळा नाही आणि कावळाही नाही. म्हणजे बूट बघून कावळ्यांविषयी काहीतरी कळलं म्हणायचं!

बेझची पद्धत इथे एकच प्रश्न विचारते. गृहीतक खरं असतं तर हे दिसण्याची शक्यता किती, खोटं असतं तर किती? पहिलीला दुसरीने भागा. भागाकार एकापेक्षा मोठा आला तर पुष्टी, लहान आला तर उलट, बरोबर एक आला तर काहीच नाही. वरच्या मजकुरातला युक्तिवाद याच भागाकारावर उभा आहे, आणि त्याचं मूळ यानिना होसियासन-लिंडेनबाउम यांच्या १९४० च्या लेखात सापडतं. भागाकाराशी माझं भांडण नाही. भागण्याआधी जे गुपचूप धरलं जातं, त्याच्याशी आहे.

ते दिसावं म्हणून कावळे सोडून रावेरकडच्या केळीच्या बागेत येऊ. एक हजार खोडं आहेत असं धरा. सहाशे रोपं पहिल्या लॉटची, चारशे दुसऱ्या लॉटची. बागेत हरण्या आलाय: कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे, पुढे पोंगा सडतो. रोग विषाणूचा, रोपांबरोबर येतो आणि मावा तो झाडाझाडावर नेतो. बागवाल्याचं म्हणणं: “हरण्या झालेली सगळी झाडं पहिल्या लॉटची आहेत.” हे आपलं गृहीतक. हरण्या झालेलं झाड म्हणजे कावळा, पहिला लॉट म्हणजे काळा रंग. दुसऱ्या लॉटचं निरोगी झाड हा आपला पांढरा बूट. दोन्ही लॉट जवळपास सारखे मोठे असल्यामुळे आकडे बोटांवर मोजता येतात.

आता पहिली परिस्थिती. मजुरांनी फिरून आजारी झाडं मोजली, शंभर भरली, पण कुठलं झाड कुठल्या लॉटचं ते कुणी लिहून ठेवलं नाही. गृहीतक खरं असेल तर शंभरच्या शंभर पहिल्या लॉटमध्ये. खोटं असेल तर, सोपं धरू, रोग सारखा पसरलाय: साठ पहिल्यात, चाळीस दुसऱ्यात. डोळे मिटून बागेतलं एक झाड निवडलं आणि ते पहिल्या लॉटचं, हरण्या झालेलं निघालं. खरं असताना याची शक्यता हजारात शंभर, खोटं असताना हजारात साठ. भागाकार १.६७. दुसऱ्या लॉटचं निरोगी झाड निघालं तर चारशे विरुद्ध तीनशे साठ, भागाकार १.११. आधी दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा विश्वास असेल तर काळ्या कावळ्याने तो ०.६३ वर जातो, बुटाने ०.५३ वर. वहीतलं उत्तर इथे तंतोतंत बरोबर आहे.

(याच हिशेबात पहिल्या लॉटचं निरोगी झाड निघालं तर पाचशे विरुद्ध पाचशे चाळीस, म्हणजे गृहीतकाच्या विरुद्ध पुरावा. म्हणजे काळी पण कावळा नसलेली वस्तू गृहीतक किंचित कमकुवत करते. मजकूर उतरवणारे हा भाग नेहमी गाळतात.)

आता परिस्थिती एवढीच बदला. एकूण मोजणी झालेलीच नाही. पहिला लॉट मात्र ओळीने तपासलाय आणि त्यात साठ झाडं आजारी आहेत हे पक्कं. शंका फक्त दुसऱ्या लॉटची. गृहीतक खरं असेल तर बागेत एकूण साठ आजारी झाडं. खोटं असेल तर ही साठ आणि शिवाय दुसऱ्या लॉटमधली चाळीस. पुन्हा डोळे मिटून झाड निवडलं, पहिल्या लॉटचं आजारी निघालं. खरं असताना हजारात साठ. खोटं असताना? हजारात साठच. भागाकार एक. काळा कावळा दिसला आणि पुष्टी शून्य मिळाली. दुसऱ्या लॉटचं निरोगी झाड मात्र आधीसारखंच, चारशे विरुद्ध तीनशे साठ, १.११. इथे बूट कावळ्याच्या पुढे गेला.

बाग तीच, लॉट तेवढेच, सूत्रही तेच. बदललं काय? पहिल्या वेळी आपण धरलं होतं की गृहीतक खरं असो वा खोटं, कावळ्यांची एकूण संख्या बदलत नाही. अपवाद असलेच तर ते काळ्या कावळ्यांच्या जागी येतात. दुसऱ्या वेळी अपवाद वरून भर म्हणून आले. काळ्या नसलेल्या वस्तूंची संख्या दोन्ही वेळा ठरलेलीच होती, चारशे. वहीतल्या उत्तराला या दोन्ही गोष्टी लागतात: कावळे किती आणि काळं नसलेलं किती, या दोन्ही आकड्यांचा गृहीतकाच्या खरेखोटेपणाशी संबंध नसावा. व्रानास यांनी २००४ साली याच जागेवर बोट ठेवलं: ही अट जवळपास सगळे वापरतात आणि ती का मानावी याचं भक्कम कारण कुणी दिलेलं नाही. कावळा बुटापेक्षा जास्त पुष्टी देतो, एवढीच तुलना सांगायची असेल तर अट बरीच सैल करता येते, हे फिटेलसन आणि हॉथॉर्न यांनी पुढे दाखवलं. अट नाहीशी मात्र होत नाही. आपल्या दुसऱ्या बागेत ती तुलनाच उलटते.

“मिळतेच” मधला “च” तर १९६७ सालीच गेला होता. आय. जे. गुड यांनी दोन जगं कल्पिली. एकात शंभर कावळे, सगळे काळे, आणि दहा लाख इतर पक्षी. दुसऱ्यात हजार काळे कावळे, एक पांढरा, आणि इतर पक्षी तेवढेच. आपण यांपैकी कुठल्यातरी एका जगात आहोत. कुठलाही एक पक्षी निवडला आणि तो काळा कावळा निघाला. दुसऱ्या जगात असं होण्याची शक्यता जवळपास दहापट आहे, आणि दुसऱ्याच जगात “सगळे कावळे काळे” खोटं आहे. काळ्या कावळ्याने गृहीतकाच्या विरुद्ध साक्ष दिली. बागेच्या भाषेत: पहिल्या लॉटमध्ये रोग इतका फोफावलाय की तो दुसऱ्यात गेलाच असणार, असं वाटायला लावणारं प्रत्येक आजारी झाड बागवाल्याच्या म्हणण्याला खाली ओढतं.

राहिला “कुठून, कशी उचलली” हा मुद्दा. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच. दुसऱ्या परिस्थितीतच राहा. हजारातून सहज निवडलेलं पहिल्या लॉटचं आजारी झाड काही सांगत नाही, हे पाहिलं. आता त्याच झाडापाशी दुसऱ्या वाटेने या. आधी फक्त आजारी झाडांतून एक निवडा आणि मग त्याचा लॉट विचारा. गृहीतक खरं असेल तर उत्तर “पहिला” येणारच. खोटं असेल तर शंभरात साठ वेळा येईल. भागाकार १.६७. तेच झाड, पिवळे पट्टे तेच, आणि या वेळी विश्वास ०.६३ वर जातो, कारण या वाटेवर गृहीतक पडू शकलं असतं. उलट पहिल्या लॉटमध्येच उभं राहून आजारी झाड शोधलंत, तर सहाशेत साठ विरुद्ध सहाशेत साठ. दिवसभर फिरलात तरी हाती काही लागणार नाही, कारण अपवाद तिथे असूच शकत नाही.

आणि बूट नगण्य? दुसऱ्या लॉटमध्ये मुद्दाम जा, चिठ्ठ्या टाकून वीस झाडं निवडा. एकेक निरोगी झाडाची शक्यता खरं असताना १, खोटं असताना ०.९. वीसच्या वीस निरोगी निघाली तर ०.९ चा वीस वेळा गुणाकार, सुमारे ०.१२ (तपासलेलं झाड पुन्हा चिठ्ठीत येऊ शकतं असं धरून). निम्म्यावरचा विश्वास ०.८९ च्या आसपास पोचतो. वीस पांढऱ्या बुटांनी हे केलं! पण हेच बूट आधी “निरोगी झाड” म्हणून निवडून मग लॉट विचारला असता तर पडण्याचा धोकाच नव्हता: निरोगी झाड कुठल्याही लॉटचं असलं तरी गृहीतक शाबूत राहतं. पहिल्या परिस्थितीत तुम्हाला हा फरक दिसणार नाही, तिथे दोन्ही वाटांचे भागाकार सारखेच येतात, आणि “आकडे तेच राहतात” हे वाक्य बहुधा तिथूनच आलंय. दोन्ही बाजूच्या बेरजा ठरलेल्या असल्या की वाटेचा परिणाम भागाकारातून गळून जातो.

खऱ्या डोमकावळ्यांच्या बाबतीत बूट क्षीण का, याचं कारणही यात आहे. काळ्या नसलेल्या वस्तूंतून एक उचलली तर तो पांढरा कावळा निघण्याची शक्यता, गृहीतक खोटं असतानाही, अतिशय कमी. बागेत ती दहात एक होती. तेवढ्यापुरतं संख्येचं कारण बरोबर आहे. पांढरे कावळे असलेच तर ते काळ्यांच्या जागी आहेत की त्यांच्यावर भर, हे मात्र संख्येवरून कळत नाही, आणि ते ठरल्याशिवाय काळ्या कावळ्याचा भागाकार मांडताच येत नाही.

उत्तरपत्रिकेत हे कोडं आलं तर आधी दोन ओळींत लिहा की कावळ्यांची एकूण संख्या तुम्ही ठरलेली धरलीत की नाही, आणि वस्तू कुठल्या ढिगातून उचललीत. मग भागा.