सोन्याचा भाव ‘पाच बँका’ ठरवतात का?

“लंडनमधल्या पाच बँका दिवसातून दोनदा बंद खोलीत बसून सोन्याचा भाव ठरवतात आणि झवेरी बाजारातले व्यापारी तोच आकडा रुपयांत करून आपल्या माथी मारतात.”

पाच सभासदांची प्रथा 1919 पासून खरोखरच होती. मार्च 2015 मध्ये मात्र तिची जागा इलेक्ट्रॉनिक लिलावाने घेतली. लंडनच्या वेळेनुसार सकाळी साडेदहाला आणि दुपारी तीनला होणाऱ्या या लिलावात खरेदी-विक्रीच्या मागणीतला फरक ठरावीक मर्यादेत येईपर्यंत फेऱ्या होतात. संशयाला आधार नाही असेही नाही: जुन्या पद्धतीत एका व्यापाऱ्याने केलेल्या लबाडीपायी बार्कलेजला 2014 मध्ये सुमारे 2 कोटी 60 लाख पौंडांचा दंड झाला होता.

पण लिलाव म्हणजे बाजार नव्हे. उरलेला सगळा दिवस सोन्या-चांदीचा घाऊक व्यवहार करणाऱ्या बुलियन बँका फोनवर किंवा पडद्यावर दुहेरी भाव देत राहतात. समजा एका औंसाला “2,400.00–2,400.40” असा भाव आला, तर पहिल्या आकड्याला बँक घेणार आणि दुसऱ्याला विकणार. विचारणारा लेवाल आहे की विकवाल, हे भाव देणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून त्याला दोन्ही बाजू प्रामाणिक ठेवाव्या लागतात. ते 40 सेंट हा हमखास नफाही नव्हे. माल विकल्यावर बँकेला तेवढीच खरेदी दुसरीकडे करावी लागते आणि दरम्यान भाव चढला तर तोटा तिचाच. अमेरिकेतील रोजगाराचे आकडे येण्याच्या सुमारास हे अंतर वाढते, ते याच धास्तीने.

आता मुंबई. 2,400 डॉलरचा औंस (31.1035 ग्रॅम) आणि 84 रुपयांचा डॉलर धरला, तर दहा ग्रॅमचे 64,816 रुपये होतात, त्यावर जुलै 2024 मध्ये ठरलेले 6 टक्के आयातशुल्क चढवले की आकडा सुमारे 68,705 वर जातो. आयात करणाऱ्या बँकेचा प्रीमियम आणि जीएसटी बाजूला ठेवू. लंडनचा भाव जसाच्या तसा लादला जात असता, तर घाऊक व्यापाऱ्याने त्याच क्षणी याहून कमी सांगायचे काहीच कारण नव्हते. प्रत्यक्षात तो 68,300 सांगू शकतो, म्हणजे औंसामागे सुमारे 15 डॉलरची सूट. भाव भडकले की दागिने घेणारे थांबतात, जुने सोने मोडीत येते, आणि बिस्किटे अंगावर पडलेल्या व्यापाऱ्याला ती काढावीच लागतात. लग्नसराईत माल अपुरा पडला की हीच सूट उलटून प्रीमियम होते. लंडनचा आकडा दोन्ही वेळी एकच असू शकतो.

त्या 68,300 चे आयुष्य मात्र फोनवर काही सेकंदांचे. “पक्का” म्हणताच विकणारा, भाव पडला तर मालाला संरक्षण म्हणून एमसीएक्स या वायदेबाजारात केलेला विक्रीचा वायदा सोडवतो. तुम्ही विचार करत राहिलात, तर पुढच्या फोनला भाव नवा मिळतो. सांगितलेला भाव रास्त आहे का, हे पाहायचे असेल तर खरेदी की विक्री ते न सांगता एकाच फोनवर दोन्ही भाव मागावेत: अंतर नेहमीपेक्षा मोठे निघाले, तर दुसऱ्या पेढीला फोन लावावा.